एका वाफेच्या लूपची तपासणी: केबलच्या टोकापासून व्हॉल्व्हच्या दांड्यापर्यंत

प्रश्न: सर, दोन वर्षं मेंटेनन्समध्ये होतो, आता पहिल्यांदाच नव्या प्लांटच्या कमिशनिंगवर टाकलंय. ठेकेदार म्हणतो, कंटिन्युइटी झाली, ट्रान्समीटरचे कॅलिब्रेशन रिपोर्ट आहेत, व्हॉल्व्हही एकदा हलवून पाहिलेत, आता लूप चेकिंग दोन दिवसांत उरकू. लूप साधारण सव्वाशे आहेत. मला नेमकं काय, कोणत्या क्रमाने बघायला हवं? आणि व्हॉल्व्ह परत स्ट्रोक करायचे का?

उत्तर:

सव्वाशे लूप दोन दिवसांत होत नाहीत, सह्या होतात. पॅनेलवर एक आणि फील्डला दोघे अशी एक टीम असेल, तर कंट्रोल व्हॉल्व्ह असलेले लूप नीट तपासायला माझ्या अनुभवात दिवसाला दहा-बारा म्हणजे डोक्यावरून पाणी. नुसते इंडिकेशनचे असतील तर थोडे जास्त. हा हिशोब पहिल्याच मीटिंगमध्ये सांगून टाका, नंतर सांगितलात तर तो बहाणा वाटतो.

माझी एक साधी फूटपट्टी आहे. लूपमध्ये खोटा सिग्नल तुम्ही जिथे घातलात, त्याच्या मागचं काहीच तपासलं गेलेलं नसतं. मार्शलिंग कॅबिनेटच्या टर्मिनलवर कॅलिब्रेटर लावून १२ मिलिअँपिअर दिले आणि पडद्यावर ५० टक्के आले, तर कार्ड आणि पडदा तपासला गेला. फील्डची केबल, ट्रान्समीटर, इम्पल्स लाइन, ओरिफिस प्लेट हे सगळं अजून बाकीच आहे. ठेकेदाराच्या प्रत्येक रिपोर्टला हीच फूटपट्टी लावा: सिग्नल कुठे घातला आणि कुठे वाचला? मधला तुकडा तेवढा झाला.

सगळे प्रकार सांगत बसलो तर पुस्तक होईल, म्हणून एकच लूप धरून चालतो: सॉल्व्हंट रिकव्हरीच्या कॉलमखाली रीबॉयलर, त्याला जाणाऱ्या वाफेचा फ्लो कंट्रोल, टॅग `FIC-2103`. ओरिफिस प्लेट, डीपी ट्रान्समीटर, डीसीएस, आणि हवा गेली की बंद होणारा ग्लोब व्हॉल्व्ह. रेंज ० ते २५०० मिलिमीटर पाणी, म्हणजे ताशी ० ते ४००० किलो वाफ. रायगडातल्या एका कारखान्यात असाच लूप मला चांगलाच भोवला होता, ते ओघात येईल.

हातात टेस्टर घेण्याआधी तीन कागद शेजारी ठेवा: ट्रान्समीटरचा डेटाशीट, ओरिफिसचं कॅल्क्युलेशन आणि डीसीएसमधली रेंज. प्रोसेसवाल्यांनी शेवटच्या महिन्यात ओरिफिसचा हिशोब बदललेला असतो, नवा आकडा एका कागदावर पोचतो आणि दुसऱ्यावर नाही. तिन्ही जुळत नसतील तर पुढे जाऊ नका. ट्रान्समीटर त्याच्या जागी बरोबर असतो, डीसीएस त्याच्या जागी बरोबर असतो, आणि फ्लो मात्र चुकीचा असतो.

आता केबल. कंटिन्युइटी म्हणजे बझर वाजला, एवढ्यावर थांबू नका, आकडा लिहून घ्या. दोन्ही टोकांच्या तारा टर्मिनलमधून काढा, फील्डच्या टोकाला जोडीतल्या दोन तारा एकमेकींना टेकवा आणि पॅनेलच्या टोकाला ओहम मोजा. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेला किलोमीटरला साधारण १२ ओहम पडतात. तुमचं अंतर ३०० मीटर असेल तर जाऊन-येऊन ६०० मीटर, म्हणजे सात ओहमच्या आसपास यायला हवेत. चाळीस आले तर जंक्शन बॉक्समध्ये कुठेतरी स्क्रू इन्सुलेशनवर आवळलाय किंवा लग नीट क्रिंप झालेला नाही. आज बझर वाजेल, सहा महिन्यांनी पंपाच्या कंपनाने सिग्नल मधूनच उडायला लागेल आणि तेव्हा मेंटेनन्समध्ये तुम्हीच असाल. मग फील्डवाल्याला तारा सोडायला सांगा. मीटर अनंतावर गेला पाहिजे. तो सातवरच राहिला तर तुम्ही दुसऱ्याच जोडीवर बसलाय किंवा तारा कुठेतरी आपसात टेकल्यात. ही दुसरी अर्धी चाचणी बहुतेक जण गाळतात.

एक चूक कंटिन्युइटीत कधीच सापडत नाही. बारा जोड्यांच्या केबलमध्ये तिसऱ्या जोडीची एक तार आणि चौथीची एक अशी मिळून एक सर्किट केलेलं असतं, आणि दोन्ही टोकांना तेच केलेलं असतं. बझर वाजतो, ओहम बरोबर, ट्रान्समीटरही चालतो. फक्त पीळ गेलेला असतो. शेजारच्या सर्किटची खटपट या लूपमध्ये उतरते आणि महिनाभर लोक अर्थिंगला दोष देत बसतात. यावर उपाय डोळ्यांचाच: जंक्शन बॉक्स उघडायचा, जोडीवरचा नंबर वाचायचा, फेरूल ड्रॉइंगशी जुळवायचा. पाच मिनिटांचं काम आहे.

मेगर करताना दोन्ही बाजूंनी तारा काढलेल्या हव्यात, हे पुन्हा सांगतो. ५०० व्होल्ट ट्रान्समीटरवर, बॅरिअरवर किंवा डीसीएसच्या कार्डावर गेले तर तिथेच खर्च सुरू होतो. तार ते तार, तार ते शील्ड, शील्ड ते आर्मर अशा तीन जागी मोजा आणि झाल्यावर केबल डिस्चार्ज करा. नवी कोरडी केबल शेकड्यांत मेगओहम दाखवते. करारात कमीत कमी आकडा यापेक्षा बराच खाली लिहिलेला असतो, त्यामुळे ठेकेदार दहा मेगओहमवर पास म्हणून मोकळा होतो. मी तसं सोडत नाही. शेजारच्या अकरा जोड्या पाचशे दाखवत असताना बारावी दहा दाखवते, याचा अर्थ तिला काहीतरी झालंय. कोकणात जूननंतर कमिशनिंग असेल तर पहिला संशय जंक्शन बॉक्सवर घ्या. ग्लँडचं एखादं मोकळं भोक प्लगशिवाय राहिलेलं असतं, किंवा केबल वरून आत घेतलेली असते, आणि तळाशी बोटभर पाणी साठलेलं असतं.

शील्डला अर्थ एकाच टोकाला, पॅनेलकडे. फील्डकडे ती कापून टेप किंवा स्लीव्ह. ते खरंच तसं आहे का, हे बघायला पॅनेलमधल्या अर्थबारवरून ती शील्ड सोडवा आणि शील्ड ते अर्थ मोजा. मोकळं दिसलं पाहिजे. शून्याजवळ आलं तर फील्डला शील्डचा एखादा केस ट्रान्समीटरच्या धडाला टेकलाय. बरोबर असेल तर शील्ड पुन्हा अर्थबारवर आवळा. सोडलेली तशीच राहिली तर चाचणीच नडते.

केबल झाली की वीज. फ्यूज टर्मिनल उघडं ठेवूनच सुरुवात करा, पॅनेलच्या बाजूला २४ व्होल्ट आणि ध्रुव बघा, मग फ्यूज टाका. ट्रान्समीटर जागा झाला, पडद्यावर काहीतरी आकडा आला, की सगळे खूष होतात. इथे एक गोष्ट मुद्दाम करा: ट्रान्समीटरकडून २० मिलिअँपिअर काढून घ्या आणि त्या वेळी त्याच्या टर्मिनलवरचे व्होल्ट मोजा. करंट जास्तीत जास्त असतो तेव्हाच ट्रान्समीटरच्या वाट्याला व्होल्ट कमीत कमी उरतात. चार मिलिअँपिअरवर सगळे ट्रान्समीटर गुणी असतात.

माझ्यासमोर घडलेलं उदाहरण देतो. डीसीएसच्या कार्डात २५० ओहम आधीच होते. झेनर बॅरिअरचे तीनशेच्या आसपास. कोणीतरी हार्ट कम्युनिकेटर चालेना म्हणून मार्शलिंगमध्ये आणखी २५० ओहमचा रेझिस्टर कायमचा जोडून ठेवला होता. केबलचे सात. ट्रान्समीटरला चालायला कमीत कमी साडेदहा व्होल्ट लागतात असं धरलं, तर या लूपमधून जाऊ शकणारा जास्तीत जास्त करंट एवढाच उरतो:

```
(24 - 10.5) / (250 + 300 + 250 + 7) = 0.0167 A
```

१६.७ मिलिअँपिअर म्हणजे सुमारे ८० टक्के. त्याच्या वर सिग्नल जाणारच नाही, तिथेच अडकेल किंवा ट्रान्समीटर मध्येच बंद पडून पुन्हा चालू होईल. शून्य, पाव आणि अर्ध्यावर लूप अगदी बिनचूक वाटतो. पॅनेलवर कॅलिब्रेटरने सिग्नल देऊन तपासला असता तर हा दोष दिसलाच नसता, कारण कॅलिब्रेटर स्वतःची वीज घेऊन येतो. जास्तीचा रेझिस्टर काढला, लूप सरळ झाला.

पुढचा टप्पा हाच खरा लूप चेक, आणि माझी चूक इथलीच. हार्टवरून ट्रान्समीटरला ४, ८, १२, १६, २० सांगता येतात. सोयीचं आहे, फील्डला मॅनिफोल्डला हात लावावा लागत नाही. पण आपली फूटपट्टी लावा: सिग्नल ट्रान्समीटरच्या आउटपुटच्या टोकाला जन्मला, सेन्सरचा काही संबंधच आला नाही. डीपी ट्रान्समीटरला मी हातपंपानेच दाब देतो. मॅनिफोल्डचे दोन्ही ब्लॉक व्हॉल्व्ह बंद, इक्वलायझर बंद, लो बाजू हवेला उघडी, हाय बाजूच्या व्हेंटला पंप. २५०० मिलिमीटर पाणी म्हणजे पाव किलो दाब, साधा कमी दाबाचा पंप पुरतो.

फ्लोच्या लूपमध्ये डीपीचं वर्गमूळ काढावं लागतं, आणि ते ट्रान्समीटरमध्येही काढता येतं, डीसीएसमध्येही. कुठेतरी एकाच जागी काढायचं असतं. त्या कारखान्यात ट्रान्समीटर पुरवणाऱ्याने ते आधीच चालू करून पाठवलं होतं आणि डीसीएसच्या मुलाने त्याच्याकडच्या कागदाप्रमाणे पुन्हा चालू केलं. आम्ही लूप तपासला, पण घाई होती म्हणून शून्य आणि शंभर, दोनच बिंदू. शून्याचं वर्गमूळ शून्य, एकाचं एक, कितीही वेळा काढा. दोन्ही बिंदू चोख आले आणि मी सही केली.

प्लांट सुरू झाल्यावर कॉलम तापेना. पडद्यावर वाफ ताशी २८०० किलो आणि तळाचं तापमान मागे. ऑपरेटर म्हणत होता रीबॉयलर खराब, मेकॅनिकलवाले ट्रॅप बदलत होते. दीड दिवसाने कंडेन्सेट ड्रममध्ये घेऊन वजन केलं तेव्हा कळलं की वाफ दोन हजारच्याच आसपास जातेय. पंप लावला, ६२५ मिलिमीटर दिले. हा पूर्ण रेंजचा पाव भाग, त्याचं वर्गमूळ अर्धं, म्हणजे २००० किलो दिसायला हवेत. पडद्यावर २८२८ आले. अर्ध्याचं पुन्हा वर्गमूळ ०.७०७, हिशोब दशांशापर्यंत जुळला. डीसीएसमधलं वर्गमूळ बंद करायला अर्धं मिनिट लागलं.

म्हणून फ्लोच्या लूपला मी पावाचा बिंदू पहिल्यांदा बघतो, शून्य आणि शंभर नंतर. ६२५ मिलिमीटरला पडद्यावर २००० आले तर वर्गमूळ एकदाच आहे. २८२८ आले तर दोनदा आहे. १००० आले तर कुठेच नाही. त्याच वेळी मालिकेत मीटर लावून करंटही बघा. ट्रान्समीटरमध्ये वर्गमूळ असेल तर तो १२ दिसेल, डीसीएसमध्ये असेल तर ८. म्हणजे ते कुठे आहे तेही कळतं, आणि ते लूप शीटवर लिहून ठेवा, कारण तीन वर्षांनी ट्रान्समीटर बदलणाऱ्याला हे कोण सांगणार?

हार्टवरून सिग्नल स्थिर केला असेलच, तर तो मोड सोडवल्याची खात्री पडद्यावर करा. सोडवायचा राहिलेला ट्रान्समीटर प्रक्रियेत काहीही होवो, १२ मिलिअँपिअर देत शांत बसून राहतो. कमिशनिंगच्या रात्री एखादा फ्लो फारच शहाण्यासारखा स्थिर दिसला तर आधी हेच तपासा.

पंपाने दाब देऊनही इम्पल्स लाइन बाहेरच राहिली. वाफेला ट्रान्समीटर लाइनच्या खाली आणि दोन्ही टॅपिंगला कंडेन्सेट पॉट असतात. ते दोन्ही एकाच पातळीवर हवेत. तिथे पाणसळ लावून बघा, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. समजा एक पॉट ५० मिलिमीटर वर बसलाय. पाण्याने भरल्यावर ५० मिलिमीटरचा फरक कायमचा आला, म्हणजे रेंजच्या दोन टक्के. दोन टक्के ऐकायला किरकोळ, पण वर्गमूळ काढल्यावर ते १४ टक्के होतात: व्हॉल्व्ह बंद असताना पडद्यावर ताशी ५६६ किलो वाफ. पॉट उलट बाजूचा उंच असेल तर आणखी वाईट, कारण तेव्हा शून्याच्या खाली जाऊन नुसतं शून्य दिसतं, कमी फ्लो दिसतच नाही आणि कुणाला शंकाही येत नाही.

हा फरक इक्वलायझर उघडून झिरो बघितला तर सापडत नाही, कारण तेव्हा दोन्ही बाजूंना एकाच पायाचं पाणी लागलेलं असतं. आधी तसा सेन्सरचा झिरो करून घ्या. मग दोन्ही पाय वरून पाण्याने भरा, बुडबुडे जाऊ द्या, इक्वलायझर बंद करून दोन्ही ब्लॉक उघडा, लाइनमध्ये प्रवाह नसताना वाचा. आता जे दिसेल ते पॉटचं. आणि वाफ चालू झाल्यावर दोन्ही ब्लॉक उघडे असताना इक्वलायझरला हात लावू नका. हाय बाजूचं पाणी लो बाजूकडे ढकललं जातं, पॉट रिकामे होतात आणि गरम वाफ थेट ट्रान्समीटरपर्यंत पोचते.

आता तुमचा दुसरा प्रश्न. हो, व्हॉल्व्ह परत स्ट्रोक करायचे. ठेकेदाराने स्ट्रोक केले तेव्हा ते कुठे होते ते विचारा. बहुतेक वेळा व्हॉल्व्ह आल्या आल्या हलवून पाहिलेले असतात. नंतर लाइन फ्लश करायला आणि वाफेने फुंकायला ते काढून त्या जागी स्पूल बसवतात, आणि ओरिफिस प्लेटही तेव्हा बाहेर असते. निदान असायला हवी. वेल्डिंगचा एक मणी सीट आणि प्लगमध्ये अडकला की नवा व्हॉल्व्ह पहिल्या दिवसापासून गळका. परत बसवताना हवेच्या नळ्या सुटून जोडल्या जातात, पोझिशनरच्या लिंकेजला धक्का लागतो. त्यामुळे फुंकून झाल्यावर, व्हॉल्व्ह जागेवर बसल्यावर जो स्ट्रोक होतो तोच खरा. प्लेट परत बसवताना तुम्ही स्वतः उभे राहा. धारदार कड प्रवाह येतो त्या बाजूला हवी, आणि हँडलवरचा शिक्का वाचून मगच बोल्ट आवळू द्या. उलटी प्लेट कमी फ्लो दाखवते आणि कुठल्याही लूप चेकमध्ये सापडत नाही.

हवेची नळी व्हॉल्व्हला जोडण्याआधी तोंड उघडं ठेवून फुंकून घ्या. नव्या हेडरमधून लोखंडाचा कीस, टेफ्लॉन टेपचे तुकडे आणि पाणी येतं, आणि पोझिशनरच्या आतली वाट सुईएवढी असते. रेग्युलेटरचा दाब ॲक्च्युएटरच्या नेमप्लेटवर लिहिलाय तेवढाच ठेवा. व्हॉल्व्ह अडकतोय म्हणून दाब वाढवणारे भेटतील, त्यांना थांबवा.

स्ट्रोक करताना सिग्नल डीसीएसमधून, कंट्रोलर मॅन्युअलवर ठेवून द्या. फूटपट्टी इथेही तीच: पोझिशनरला शेजारी उभं राहून कॅलिब्रेटरने सिग्नल दिला तर आउटपुट कार्ड आणि केबल तपासली गेली नाही. `FV-2103` चा स्ट्रोक ३८ मिलिमीटर होता. मग ०, २५, ५०, ७५, १०० ला दांडा ०, ९.५, १९, २८.५, ३८ वर हवा. दांड्याला स्टीलची पट्टी लावून मोजा. पोझिशनरच्या डिस्प्लेवर ५० आलं म्हणजे व्हॉल्व्ह ५० वर आहे असं नाही. तो लिंकेजचा कोन सांगतो, आणि लिंकेजचा स्क्रू सैल असेल तर तो आत्मविश्वासाने खोटं सांगतो.

वर जाताना पाच आणि खाली येताना पाच वाचनं घ्या. आमच्या व्हॉल्व्हला वर जाताना ५० टक्क्यांवर १८.८ आणि उतरताना १९.४ मिळाले होते. सहा दशांश मिलिमीटरचा फरक, स्ट्रोकच्या दीड टक्क्याहून किंचित जास्त. वाफेच्या व्हॉल्व्हला ग्राफाइटचं पॅकिंग असतं, ते आवळलेलं असलं की एवढं घर्षण येतंच. तेवढं मी चालवून घेतो. फरक चार-पाच टक्क्यांवर गेला किंवा दांडा थांबून झटक्याने हलायला लागला, तर ग्लँडचे नट कोणी किती आवळलेत ते बघा. असा व्हॉल्व्ह ऑटोवर टाकला की फ्लो एका लयीत वर-खाली होत राहतो आणि बिचारा कंट्रोल इंजिनिअर ट्यूनिंगचे आकडे बदलत बसतो.

शून्यावर एक गोष्ट वेगळी बघा. आउटपुट शून्य असताना ॲक्च्युएटरच्या गेजवर दाब पूर्ण शून्य झाला पाहिजे, म्हणजे स्प्रिंगचं सगळं बळ सीटवर आलं. दांडा शून्याच्या खुणेवर आहे पण गेजवर थोडा दाब उरलाय, तर प्लग सीटला नुसता टेकलाय, बसलेला नाही. वाफ तिथून फुसफुसत राहते.

यानंतर बिघाडाच्या चाचण्या, आणि त्या तीन वेगळ्या आहेत. आउटपुट ५० वर ठेवून हवा तोडा: व्हॉल्व्ह बंद झाला पाहिजे. हवा परत देऊन पोझिशनरची तार काढा: बंद झाला पाहिजे. काही पोझिशनरमध्ये सिग्नल गेल्यावर आहे तिथेच थांबण्याची सोय निवडलेली असते, म्हणून ही चाचणी हवेच्या चाचणीत येत नाही. मग तार जोडून, पुन्हा ५० वर आणून, ट्रिपचा सोलेनॉइड बंद करा आणि सेकंद मोजा. आमचा एक व्हॉल्व्ह पहिल्या दोन्हीत पास झाला आणि सोलेनॉइडवर बंद व्हायला अर्ध्या मिनिटाहून जास्त घेत होता. शेजारचा तसाच व्हॉल्व्ह चार सेकंदांत बंद व्हायचा. सोलेनॉइडच्या एक्झॉस्टच्या भोकात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. लाइन तीन महिने मोकळी पडली होती, तिने संधी साधली. दुसरीकडे हाच प्रकार वाहतुकीसाठी लावलेल्या प्लॅस्टिकच्या बुचामुळे बघितलाय. एक्झॉस्टला जाळीचा सायलेन्सर लावून घ्या.

याच लूपला नसली, तरी हवा गेली की उघडणाऱ्या व्हॉल्व्हला, म्हणजे कंडेन्सरच्या कूलिंग वॉटरला वगैरे, एक अडचण नक्की येईल. ऑपरेटरला १०० म्हणजे उघडा असंच दिसायला हवं, म्हणून सिग्नल कुठेतरी उलटा करावा लागतो, डीसीएसमध्ये किंवा पोझिशनरमध्ये. व्हॉल्व्ह उलटा चाललाय असं दिसलं की फील्डवाला पोझिशनर उलटवतो, त्याच वेळी पॅनेलवाला डीसीएस उलटवतो, आणि पुन्हा उलटाच. वॉकीटॉकीवर ५० टक्के देऊन विचारलं तर दोघंही बरोबर म्हणतात, कारण अर्ध्यावर सुलटं आणि उलटं सारखंच. २५ देऊन विचारा. आणि उलटं करायचं ते एकाच जागी, सगळ्या प्लांटला एकच पद्धत. मी डीसीएसमध्ये करणं पसंत करतो, म्हणजे करंट चारच्या दिशेने घसरला तरी हवा कमी होते आणि व्हॉल्व्ह त्याच्या सुरक्षित दिशेनेच जातो.

मापन आणि व्हॉल्व्ह वेगवेगळे पास झाले तरी त्यांची गाठ अजून पडलेली नाही. पुन्हा हातपंप लावा, ६२५ मिलिमीटर देऊन २००० किलो आणा, सेटपॉइंट २००० ठेवा आणि कंट्रोलर ऑटोवर टाका. अपस्ट्रीमचा आयसोलेशन व्हॉल्व्ह कुलूपबंद आहे हे आधी बघा. आता पंप थोडा दाबा, फ्लो वाढल्याचं दिसेल. वाफ जास्त जातेय असं कंट्रोलरला वाटलं, तर त्याने आउटपुट खाली आणलं पाहिजे आणि फील्डला दांडा बंद होण्याच्या दिशेने सरकला पाहिजे. आउटपुट वर गेलं तर कंट्रोलरची ॲक्शन उलटी आहे. ही चाचणी दोन मिनिटांची. ती गाळली तर पहिल्यांदा ऑटोवर टाकल्यावर वाफेचा व्हॉल्व्ह सताड उघडेपर्यंत कुणाला कळत नाही.

इंटरलॉक यात धरू नका. कॉज अँड इफेक्टची तपासणी सगळे लूप सुटे-सुटे पास झाल्यावर वेगळी करायची असते. मात्र एक वही दोन्हीला एकच ठेवा: डीसीएसमध्ये फोर्स केलेला प्रत्येक सिग्नल, स्थिर केलेला प्रत्येक ट्रान्समीटर, सोडवलेली प्रत्येक तार, उघडं ठेवलेलं प्रत्येक फ्यूज टर्मिनल, वेळ आणि नाव घालून. फोर्स काढणाऱ्याने स्वतःच्या हाताने ओळ खोडायची. संध्याकाळी वही आणि डीसीएसची फोर्सची यादी शेजारी ठेवून जुळवायची. ज्या दिवशी ती जुळत नाही, त्या दिवशी मी टीमला घरी जाऊ देत नाही, यावरून शिव्याही खाल्ल्यात.

पहिली वाफ आली की त्याच दिवशी या लूपकडे एकदा परत जा. लाइन तापल्यावर ग्लँडचं पॅकिंग बसतं, ते थोडं आवळावं लागतं, आणि आवळल्यावर ५० टक्क्यांचा स्ट्रोक पुन्हा एकदा बघावा लागतो. पॉट भरायला आणि पाण्याची पातळी ठरायला थोडा वेळ द्या. पहिल्या तासातला फ्लोचा आकडा कंडेन्सेटच्या वजनाशी ताडून पाहिल्याशिवाय ऑपरेटरला वापरू देऊ नका.